जिल्ह्याचा एसपीआय सामान्य, अथणीचं शिवार कोरडं: हिशेब कुठे चुकतो

प्रश्न: अथणी, खानापूर धरून बेळगाव जिल्ह्यातल्या तालुका ठिकाणांचे 1981 पासूनचे महिनेवार पावसाचे आकडे माझ्याकडे आहेत. सगळ्यांची सरासरी काढून एका तयार शीटमध्ये एसपीआय, म्हणजे कोरडं असेल तर उणे आणि ओलं असेल तर अधिक येणारा प्रमाणित पर्जन्य निर्देशांक, काढला. ऑगस्टअखेर जिल्हा 'सामान्य' दिसतो, पण अथणीच्या पूर्वेकडच्या गावांत तूर वाळतेय. जानेवारीत थेंबभर पाऊस नव्हता, तरी अथणीचा एसपीआय +0.6 आला! कुठे चुकतंय? आणि दुष्काळावर लक्ष ठेवायचं तर किती महिन्यांचा आकडा धरायचा?

उत्तर:

तुमच्या शीटमधलं सूत्र बहुतेक बरोबरच असणार. चूक आहे ती सूत्राला काय खायला घातलं त्यात. तुम्ही आधी तालुक्यांची सरासरी काढली आणि मग एसपीआय काढला. आपल्या जिल्ह्यात हा क्रम अजिबात चालत नाही. जानेवारीचा +0.6 ही निराळी गोष्ट आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत एक जिल्हा नाहीच. कणकुंबी-जांबोटीकडे घाटमाथ्याचा पाऊस, बेळगाव शहरापर्यंत तो उतरत येतो आणि अथणी, रायबाग, रामदुर्गाकडे गेलं की पर्जन्यछाया सुरू होते. खानापूरचा पाऊस अथणीच्या कितीतरी पट असतो. आता हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे घेतो. हे कुठल्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे नाहीत, पण प्रमाण आपल्याकडचंच आहे. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत खानापूरची सरासरी 1400 मिमी आणि अथणीची 280 मिमी धरू. दोघांची मिळून सरासरी 840. एखाद्या वर्षी खानापुरात 1550 मिमी पडला आणि अथणीत फक्त 150. दोघांची सरासरी येते 850, म्हणजे नेहमीपेक्षा दहा मिलिमीटर जास्तच! अथणीचा निम्मा पाऊस गायब आहे आणि खानापुरातल्या दोन-तीन दिवसांच्या संततधारेने तो कागदावर भरून निघाला. तुमचा 'सामान्य' असाच आलेला आहे.

म्हणून एसपीआय नेहमी एकेका पर्जन्यमापकाचा काढायचा. जिल्ह्याचं चित्र हवं असेल तर नंतर सांगायचं की अमुक तालुक्यांत, जिल्ह्याच्या इतक्या क्षेत्रावर निर्देशांक −1 च्या खाली आहे. 'जिल्ह्याचा एसपीआय इतका' असा एकच आकडा मी तरी कोणाला देत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब. ही पद्धत मॅकी, डोस्केन आणि क्लाइस्ट यांनी 1993 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातून मांडली. 'पाऊस किती कमी पडला' हे सांगणं हा तिचा उद्देश नाही. या जागेच्या, याच हंगामाच्या इतिहासात असा पाऊस किती वेळा पडतो, हे ती सांगते. त्यासाठी जुन्या वर्षांच्या आकड्यांवर एक वक्र बसवतात, बहुधा गॅमा वितरणाचा. पावसाचे आकडे शून्याच्या खाली जात नाहीत, पण वरच्या बाजूला लांब शेपूट असते, म्हणून हा वक्र बरा बसतो. यंदाचा पाऊस त्या वक्रावर कुठे पडतो ती संभाव्यता काढायची आणि तीच संभाव्यता प्रमाण सामान्य वितरणात कोणत्या आकड्याला येते ते बघायचं. तो आकडा म्हणजे एसपीआय.

अथणीची एक शीट उघडा. C स्तंभात 1981 ते 2020 या चाळीस वर्षांची जून-जुलै-ऑगस्टची बेरीज, एका ओळीत एक वर्ष. म्हणजे C2 ते C41. त्याखाली पुढची वर्षं.

```
E1:  =LN(AVERAGE(C2:C41))-LN(GEOMEAN(C2:C41))
E2:  =(1+SQRT(1+4*E1/3))/(4*E1)
E3:  =AVERAGE(C2:C41)/E2
D2:  =NORM.S.INV(GAMMA.DIST(C2,$E$2,$E$3,TRUE))
```

D2 खाली ओढत न्या, झालं. E1 मध्ये साधी सरासरी आणि गुणोत्तर सरासरी यांच्या लॉगमधला फरक आहे. पाऊस वर्षागणिक जितका लहरी, तितका हा फरक मोठा. E2 हा वक्राचा आकार ठरवतो, E3 त्याची पट्टी.

आपल्या उदाहरणात सरासरी 280 आहे आणि E1 समजा 0.08 आला. मग E2 येतो 6.41 आणि E3 येतो 43.7. यंदाचे 150 मिमी घातले की गॅमाची संभाव्यता 0.098 मिळते. म्हणजे अथणीत दहा वर्षांतून साधारण एका वर्षी जून-ऑगस्टचा पाऊस इतका किंवा याहून कमी असतो. त्या संभाव्यतेला एसपीआय येतो −1.29. −1 ते −1.49 या पट्ट्याला मध्यम कोरडं म्हणतात, −1.5 ते −1.99 तीव्र, आणि −2 किंवा त्याखाली अतितीव्र. तेव्हा अथणी मध्यम कोरड्या गटात आली.

आता हीच टक्केवारी खानापुरात लावून बघा. 280 पैकी 150 म्हणजे तूट 46 टक्के. खानापुरात 1400 पैकी 750 पडला तरी तूट तेवढीच, अगदी दशांशापर्यंत. पण घाटाकडचा पाऊस इतका लहरी नसतो, तो दरवर्षी येतोच, म्हणून तिथे E1 बराच लहान असतो. समजा 0.0244. मग E2 जातो 20.7 वर आणि त्या 750 मिमीचा एसपीआय येतो −2.5 च्या आसपास. एकाच टक्क्याची तूट अथणीत दहा वर्षांतून एकदा घडणारी आणि खानापुरात माणसाच्या आयुष्यात कदाचित न दिसणारी. ज्यांना नुसती टक्केवारी बघायची सवय आहे, त्यांनी हे उदाहरण एकदा स्वतः शीटमध्ये करून बघावं. एसपीआयचा खरा उपयोग इथे कळतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. −1.29 हा आकडा अथणीच्या शेतकऱ्याचं नुकसान सौम्य आहे असं म्हणत नाही. पर्जन्यछायेत नेहमीचा पाऊसच पिकाला जेमतेम पुरतो, तिथे दहा वर्षांतून एकदा येणारी तूटही तूर घालवते. खानापुरात −1.29 आला तर भात बहुधा निभावून जाईल. एसपीआय दुर्मीळपणा मोजतो, नुकसान मोजत नाही. दोन तालुक्यांचे आकडे शेजारी ठेवून मदत कमी-जास्त ठरवू लागलात, तर अन्याय अथणीवर होईल.

तयार शीट वापरणाऱ्यांकडून आणखी एक चूक वारंवार होते, ती तुमच्याकडे झाली आहे का ते तपासा. काही जण बाराही महिन्यांचे सगळे आकडे एका रांगेत टाकून त्यावर एकच वक्र बसवतात. मग दर वर्षी जुलै-ऑगस्ट 'अतिओला' आणि दर वर्षी फेब्रुवारी-मार्च 'कोरडा' येतो. जून-ऑगस्टची बेरीज जून-ऑगस्टच्या बेरजांशीच ताडायची, जुलै-सप्टेंबरची जुलै-सप्टेंबरशी. म्हणजे बारा महिन्यांसाठी बारा वेगळे E2 आणि E3. तपासणी सोपी आहे. D स्तंभात D2 ते D41 ची सरासरी शून्याजवळ आणि प्रमाण विचलन एकाजवळ यायला हवं, आणि हे बाराही महिन्यांच्या शीटमध्ये स्वतंत्रपणे यायला हवं. एखाद्या महिन्यात सरासरी 0.3 किंवा विचलन 0.7 दिसलं, तर तिथे एक तर वक्र बसलेला नाही, नाहीतर त्या महिन्यात शून्यांची गर्दी आहे.

आता जानेवारी. अथणीत जानेवारीचा पाऊस बहुतेक वर्षी शून्यच. समजा चाळीसपैकी 29 वर्षं कोरडी. गॅमा वितरणाला शून्य चालत नाही (वरच्या शीटमधलं GEOMEAN सुद्धा शून्य दिसलं की चूक दाखवतं). म्हणून शून्याची वर्षं बाजूला काढून त्यांचा वाटा वेगळा जोडतात:

```
H = q + (1-q)*G(x)
```

इथे q म्हणजे शून्य वर्षांचा वाटा, 29 भागिले 40, म्हणजे 0.725. यंदा शून्य पाऊस, म्हणून G शून्य आणि H बरोबर 0.725. त्याला एसपीआय येतो +0.6. तुमचा आकडा हाच. गणिताच्या नियमाने तो बरोबर आहे आणि अर्थाच्या दृष्टीने पूर्ण निरर्थक. थेंब न पडता महिना 'किंचित ओला', आणि दोन-तीन मिलिमीटरचा शिडकावा झाला की आकडा सहज +1 च्या वर. शिवाय उरलेल्या अकरा वर्षांच्या जोरावर बसवलेल्या वक्राचा भरवसा काय धरायचा?

शून्यांना त्यांच्या ढिगाच्या मधोमध ठेवण्याची एक दुरुस्ती आहे. शून्य वर्षांची संख्या अधिक एक, भागिले एकूण वर्षं अधिक एकच्या दुपटीने. म्हणजे 30 भागिले 82, सुमारे 0.366, आणि एसपीआय −0.34. दिसायला बरं दिसतं, पण माझा सल्ला निराळा आहे. आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांसाठी डिसेंबर ते मार्च या काळात एका महिन्याचा एसपीआय काढूच नका. त्या दिवसांत पाऊस नसणं हीच रीत आहे, त्याला दुष्काळ म्हणत नाहीत. ती जागा शीटमध्ये मोकळी सोडा. मोकळी जागा बघून कोणी चुकीचा निर्णय घेत नाही, +0.6 बघून घेऊ शकतो.

मोकळ्या जागेवरून आठवलं, नोंदवहीतली मोकळी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या वह्यांमध्ये पाऊस नसेल तर कोणी शून्य लिहितो, कोणी आडवी रेघ मारतो, कोणी काहीच लिहीत नाही. आणि नोंद घेणारा रजेवर असला तरी जागा मोकळीच. टंकलेखकाने सगळ्याला शून्य केलं की ऑगस्टमध्येही शून्य उगवतो. पावसाळ्याच्या कुठल्याही महिन्यात खानापूरला शून्य दिसलं, तर तो पाऊस नसून माहिती नाही असं समजा आणि तो महिना, त्यासोबत तो महिना ज्या बेरजांत येतो त्या सगळ्या बेरजा, गाळून टाका. खूप मागची, मुंबई राज्याच्या काळातली आकडेवारी कुठून मिळाली तर ती इंचांत असते हे विसरू नका. 25.4 ने गुणायचं राहिलं तर ती सगळी वर्षं महादुष्काळाची दिसतात.

पण या चुका डोळ्यांना दिसतात. न दिसणारी चूक मी एकदा फार उशिरा पकडली, ती सविस्तर सांगतो. एका तालुक्याच्या ठिकाणचा एसपीआय काढत होतो. आधीची पंधरा-वीस वर्षं बहुतेक उणे, नंतरची सगळी अधिक. मला वाटलं हवामान बदलतंय, आणि तसं मी एका बैठकीत बोललोही. पुढे प्रत्यक्ष त्या पर्जन्यमापकापाशी उभा राहिलो तेव्हा कळलं. जुना गळका पर्जन्यमापक बदलून नवा बसवला होता, त्याचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं. पण मोजायचा काचेचा पेला जुनाच, 100 चौरस सेंटिमीटरच्या तोंडासाठी खुणा केलेला. दहा मिलिमीटर पाऊस पडला की 200 च्या तोंडातून बाटलीत 200 मिलिलिटर पाणी जमतं. 100 च्या पेल्यावर तेवढंच पाणी वीस मिलिमीटर वाचलं जातं. सकाळी साडेआठ वाजता माणूस नेमाने जात होता, नेमाने मोजत होता, सुवाच्य अक्षरात लिहीत होता, आणि रोजचा आकडा दुप्पट होता. त्याचा काही दोष नव्हता, त्याला पेला बदलायला कोणी सांगितलंच नव्हतं. पण त्या काळातली दोन कोरडी वर्षं माझ्या तक्त्यात चक्क सामान्य म्हणून गेली होती. त्या वर्षी पिकं गेलेल्या लोकांना मी भेटलो होतो, म्हणून ती गोष्ट अजून मनाला लागते.

तेव्हापासून दुहेरी संचित आलेख काढल्याशिवाय मी एसपीआयला हात लावत नाही. शेजारच्या तीन-चार ठिकाणांच्या वार्षिक पावसाची सरासरी घ्या आणि ती वर्षागणिक बेरजेत चढवत आडव्या अक्षावर मांडा. उभ्या अक्षावर तुम्हाला तपासायच्या ठिकाणाची तशीच चढती बेरीज. सगळं ठीक असेल तर ठिपके जवळजवळ सरळ रेषेत जातात. पेला चुकला, पर्जन्यमापक इमारतीच्या आडोशाला हलवला, झाड वाढून वर आलं, तर रेषा त्या वर्षी मोडते. माझ्या त्या ठिकाणी रेषेचा चढ बरोबर दुप्पट झाला होता, सगळं स्पष्ट दिसत होतं, फक्त मी ती रेषा काढलीच नव्हती. शेजारी निवडताना मात्र अथणीसाठी अथणीसारखेच घ्या. अथणीची रेषा खानापुराशी ताडलीत तर काहीच कळणार नाही.

तुमच्याकडे हातमापकाच्या जुन्या नोंदी आणि राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राच्या स्वयंचलित मापकांच्या नव्या नोंदी एकत्र जोडलेल्या असतील, तर जोडाच्या वर्षी हाच आलेख आधी बघा. दोन्ही मापक एकाच जागी नसतात. आणि तालुक्याच्या सरासरीऐवजी ठिकाणाचा आकडा धरण्याचं आणखी एक कारण आपल्याकडे आहे. अथणीतून कागवाड, चिकोडीतून निपाणी, गोकाकातून मूडलगी वेगळे झाले. 'अथणी तालुक्याची सरासरी' म्हणजे आधी एक प्रदेश होता आणि नंतर दुसरा. ठिकाण मात्र जागचं हललेलं नसतं.

आता किती महिन्यांचा एसपीआय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. याला एक उत्तर नाही, कारण कोणाचं पाणी बघायचंय यावर ते ठरतं. एसपीआय-3 म्हणजे त्या महिन्यासह मागच्या तीन महिन्यांची बेरीज, एवढं आधी पक्कं करा. ऑगस्टअखेरचा एसपीआय-3 म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट.

खानापूर-बेळगावच्या भातासाठी मी जूनचा आणि जुलैचा एसपीआय-1 बघतो. धूळवाफ पेरणी झालेली असते, मृग कोरडा गेला तर उगवण मार खाते, आणि जुलैत चिखल झाला नाही तर नट्टी, म्हणजे भाताची लावणी, खोळंबते. तीन महिन्यांची बेरीज होईपर्यंत थांबलात तर हे निसटून जातं. अथणीच्या खरिपासाठी ऑगस्टअखेरचा एसपीआय-3 ठीक आहे. पण अथणीची खरी भिस्त पुढच्या पावसावर असते. पूर्वेकडच्या त्या पट्ट्यात सप्टेंबरचा पाऊस भरवशाचा असतो आणि रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याची ओल त्यावर आणि परतीच्या पावसावर ठरते. म्हणून तिथे ऑक्टोबरअखेरचा सप्टेंबर-ऑक्टोबरचा दोन महिन्यांचा एसपीआय मी स्वतंत्र ठेवतो. ऑगस्टअखेर −1.29 आलेली अथणी पूर्वा-उत्तरा नक्षत्रं बरसली तर रब्बीपुरती सावरू शकते, आणि ऑगस्टपर्यंत ठीक असलेली अथणी हस्त-चित्रा कोरड्या गेल्या तर रब्बीला उपाशी राहते.

विहिरी, कूपनलिका आणि तलावांसाठी एसपीआय-12 बघा. एका चांगल्या महिन्याने तो फारसा हलत नाही. 2019 मध्ये देशभर जून कोरडा गेला आणि ऑगस्टमध्ये आपल्याकडे महापूर आला, हे सगळ्यांना आठवतं. अशा वर्षी एसपीआय-1 एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातो. एसपीआय-12 सावकाश वळतो, जमिनीखालचं पाणीही तसंच सावकाश वळतं.

धरणाच्या पाण्याबाबत आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट खास सांभाळावी लागते. सौंदत्ती-रामदुर्गाच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला सौंदत्तीचा एसपीआय अर्धवटच माहिती देतो. त्याचं पाणी नविलुतीर्थाच्या धरणातून येतं, तिथे ते मलप्रभेतून येतं, आणि मलप्रभा उगम पावते कणकुंबीला. म्हणजे त्याने खानापूरचा, शक्य असेल तर थेट कणकुंबीच्या मापकाचा, जून-सप्टेंबरचा एसपीआय बघायला हवा. हिडकल धरणासाठी तर जिल्ह्याच्या, राज्याच्याही बाहेर, चंदगडकडचा पाऊस धरावा लागतो. आणि अथणीतच कृष्णाकाठचा ऊस आणि नदीपासून लांबची कोरडवाहू गावं यांत फरक आहे. कृष्णेला पाणी सातारा-सांगली-कोल्हापूरकडून येतं. अथणीचा मापक −1.5 दाखवत असताना नदीकाठी पूर असू शकतो. तुमची तूर वाळणारी गावं नदीपासून लांब आहेत, त्यांच्यासाठी अथणीचा स्थानिक आकडाच खरा.

काही मर्यादा सांगतो, कारण आकडा छापून दिला की लोक त्याला धरून बसतात.

चाळीस वर्षांच्या नोंदीतून −2 च्या पलीकडे खात्रीने काही सांगता येत नाही. सामान्य वितरणात −2 च्या खाली जाण्याची शक्यता 2.3 टक्के, म्हणजे चाळीस वर्षांत जेमतेम एकदा. वर खानापूरसाठी −2.5 आला, तो वक्राच्या शेपटीने दिलेला आकडा आहे, नोंदीने दिलेला नाही. अहवालात मी तिथे '−2 पेक्षा कमी' एवढंच लिहितो. −2.47 आणि −2.53 वर वाद घालण्यात अर्थ नाही. किमान तीस वर्षांची सलग नोंद हवीच, तुमच्याकडे त्याहून जास्त आहे, ही चांगली गोष्ट.

वक्र ज्या वर्षांवर बसवला ती वर्षं, म्हणजे 1981 ते 2020, कायमची ठरवून ठेवा. दर वर्षी नवा आकडा घालून वक्र पुन्हा बसवलात तर मागच्या दुष्काळांचे निर्देशांक दर वर्षी थोडे थोडे सरकतात, आणि मागच्या वर्षी तुम्ही −1.02 सांगितलेलं गाव यंदा −0.97 होऊन यादीतून बाहेर पडतं. ते शेतकऱ्याला कसं समजावणार?

आणि महिन्याची बेरीज महिन्याच्या आत काय झालं ते सांगत नाही. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तूट 36 टक्के, पण त्याआधीच्या जुलैत देशात सरासरीपेक्षा 13 टक्के जास्त पाऊस झाला होता. ऑगस्टअखेरच्या एसपीआय-3 मध्ये हे दोन्ही एकमेकांत मिसळून जातात आणि फुलोऱ्यातल्या पिकाला महिनाभर पाणी नव्हतं हे दिसतच नाही. म्हणून एसपीआय-3 च्या शेजारी त्या महिन्याचा एसपीआय-1 आणि रोजच्या नोंदीतून पावसाचा खंड किती आठवड्यांचा होता, हे दोन रकाने ठेवा. केंद्र सरकारच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन नियमपुस्तिकेतही पावसाची तूट किंवा एसपीआय यासोबत पावसाचा खंड धरलेला आहे. अर्ज-निवेदनासाठी आकडे लागणार असतील तर या जोडीने दिलेले बरे.

दुष्काळ कधी सुरू झाला आणि कधी संपला हे नोंदवायला मॅकी यांचाच नियम वापरतो. निर्देशांक सलग उणे राहून −1 ला पोचला की दुष्काळ धरायचा, त्याची सुरुवात मात्र पहिल्यांदा उणे झाला त्या महिन्यापासून मोजायची, आणि निर्देशांक शून्याच्या वर गेला की तो संपला. मधल्या सगळ्या महिन्यांच्या निर्देशांकांची बेरीज केली की दुष्काळाचा भार कळतो. तीन महिने −1.5 आणि नऊ महिने −1.1 यांत दुसरा भारी आहे, विहिरींना विचारलंत तर त्याही तेच सांगतील.

तुमच्या फाइलमध्ये सुरुवात अथणीच्या दुहेरी संचित आलेखापासून करा, शेजारी रायबाग आणि त्याच्यासारखीच पर्जन्यछायेतली जवळची दोन-तीन ठिकाणं घ्या. रेषा सरळ आली तर वरची चार सूत्रं जून-ऑगस्टच्या बेरजेवर लावा. तुमच्या गावात ज्या वर्षी पीक गेलं असं लोक सांगतात, ती तीन-चार वर्षं D स्तंभात −1 च्या आसपास किंवा खाली आहेत का ते बघा. नसतील तर एसपीआय-1 आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शीटमध्ये शोधा. तिथेही नसतील तर पर्जन्यमापक त्या गावापासून किती लांब आहे, हे जाऊन बघा.